शोरूममधला गुप्त ग्राहक: सेल्समनची तपासणी त्याच्यावर अन्याय न करता कशी करायची

एका तालुक्याच्या गावातल्या दुचाकी शोरूमच्या मालकांनी माझ्यासमोर एक छापील कागद ठेवला होता. त्यावर वीस प्रश्न होते. पहिला प्रश्न ‘सेल्समन हसतमुख होता का?’, दुसरा ‘स्वागत चांगले झाले का?’, सातवा ‘त्याला गाडीचे ज्ञान होते का?’ प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. मालकांनी आपल्या मेहुण्याच्या मित्राला गुप्त ग्राहक म्हणून, म्हणजे गाडी घ्यायला आल्याचं दाखवून सेल्समन कसा वागतो ते बघायला पाठवून, त्याच्याकडून तो भरून घेतला होता आणि त्यावरून एका पोराला नोकरीवरून काढायचं ठरवलं होतं. मी विचारलं, “काढायचं ते नेमकं कशावरून?” ते म्हणाले, “ज्ञानाला दोन मिळालेत.” मग ज्याने दोन दिले त्याला विचारलं, की त्या पोराला काय येत नव्हतं? त्याला आठवेना.

इथे लिहितो आहे ती पद्धत त्या शोरूममध्ये आणि त्यांच्या आणखी दोन शाखांमध्ये वापरलेली आहे. उदाहरण दुचाकीचंच ठेवतो, कारण ग्राहक आत येण्यापासून तीन दिवसांनी येणाऱ्या फोनपर्यंत विक्रीचा सगळा प्रवास त्यात दिसतो.

आधी प्रश्न ठरवा, माणूस नाही

‘आमच्याकडे कोण कामचुकार आहे ते शोधा’ असं सांगून हे काम सुरू केलं, तर निघणारा प्रत्येक कागद आरोपपत्रासारखा वाचला जातो. आम्ही मालकांकडून एकच वाक्य लिहून घेतलं: ‘गाडी खरंच घ्यायची असलेला माणूस आत आला, तर बाहेर पडताना त्याच्याकडे निर्णय घ्यायला पुरेशी आणि खरी माहिती असते का?’ या वाक्यात जे बसत नाही ते तपासायचं नाही. सेल्समनचा शर्ट, त्याची दाढी, तो फोनवर घरी काय बोलला, हे सगळं त्यामुळे आपोआप गळालं.

दुसरं काम म्हणजे सगळ्या सेल्समनना हे सांगून टाकणं. इथे मालकमंडळी हमखास अडतात. “सांगितलं तर मजा काय?” पण दिवस आणि माणूस सांगायचा नाही. एवढंच सांगायचं, की पुढचे तीन महिने अधूनमधून असा ग्राहक येईल, तो या कागदाप्रमाणे बघेल, हा घ्या कागद. कोरा तपासणी-तक्ता सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या हातात द्यायचा. ‘हा त्यांच्यातला असेल’ या धास्तीने तीन महिने प्रत्येक ग्राहकाला लेखी कोटेशन मिळणार असेल, तर आणखी काय हवं? एक गोष्ट मात्र त्याच मीटिंगमध्ये मालकांच्या तोंडून वदवून घ्या: एका भेटीच्या कागदावरून कोणाचा पगार कापला जाणार नाही आणि कोणाची नोकरी जाणार नाही. हे मी सांगून उपयोग नसतो, त्यांनीच सांगावं लागतं.

ग्राहक कोण होणार आणि कुठे थांबणार

छोट्या गावात मालकाचा भाचा कोण हे चहावाल्यालाही ठाऊक असतं. म्हणून गुप्त ग्राहक शेजारच्या तालुक्यातून आणा, आणि तो दुचाकी खरोखर चालवणारा असू द्या. त्याला नाटक करायला लावू नका. त्याची खरी परिस्थितीच कथा म्हणून वापरा. आमच्या एका ताई शाळेत नोकरीला, रोज जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, मागे कधीमधी आई बसणार, १२५ सीसीची स्कूटर हवी, रोख की कर्ज हे ठरलेलं नाही. यात खोटं फक्त एकच होतं, की त्यांना ती आत्ता घ्यायची नव्हती.

काही मर्यादा मात्र पक्क्या हव्यात. वाहन परवाना नसेल तर टेस्ट राइड घ्यायची नाही. बुकिंगचे पैसे द्यायचे नाहीत. आधार-पॅनच्या झेरॉक्स द्यायच्या नाहीत, आणि फायनान्सवाल्याने ‘एलिजिबिलिटी बघू का’ म्हटलं तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणून तिथेच थांबायचं. कर्जाचा अर्ज आत गेला की त्या माणसाच्या सिबिल नोंदीत चौकशी उमटते, आणि आपल्या तपासणीसाठी कोणाच्या खात्यावर डाग नको. चोरून आवाज किंवा व्हिडिओ टिपायचा नाही. त्याची गरजही पडत नाही, ते पुढे येईलच.

वेळ निवडताना सेल्समनच्या खिशाचा विचार करा. त्याच्या हातात महिन्याचं टार्गेट असतं. महिन्याचे शेवटचे दोन दिवस, पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी खोटा ग्राहक पाठवणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढणं. आपण त्याचा अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही, आणि मागे खरी माणसं ताटकळत असतील तर ‘पुन्हा येते’ म्हणून निघायचं. भेट अर्धवट राहिली तर राहिली.

भेटी किती? एक भेट म्हणजे एक फोटो, आणि फोटोत कोणाचेही डोळे मिटलेले येऊ शकतात. एका शाखेला निदान चार भेटी, दोन वेगवेगळे ग्राहक, एक भेट आठवड्यातल्या सकाळची आणि एक शनिवार संध्याकाळची. यातली एक जोडी मी मुद्दाम वेगळ्या हेतूने लावतो: तीच गाडी, तेच प्रश्न, पण एक माणूस ऑफिसच्या कपड्यांत आणि दुसरा शेतावरून आल्यासारखा, चप्पल घालून. त्या दोघांच्या कागदांत फरक निघाला तर तो सेल्समनच्या ज्ञानाचा नसतो. कपडे बघून गिऱ्हाईक तोलण्याची सवय पूर्ण शोरूमला लागलेली असते आणि ती बहुधा वरून आलेली असते.

तपासणी-तक्ता: वाटलं ते नको, दिसलं ते हवं

कामाचा सगळा भार या कागदावर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

चांगल्या प्रश्नाची कसोटी अशी: दोन वेगळी माणसं एकाच वेळी तिथे उभी असती, तर दोघांनी तेच उत्तर लिहिलं असतं का? ‘हसतमुख होता का’ याला दोघांची दोन उत्तरं येतील. ‘आत आल्यापासून किती मिनिटांनी कोणी बोललं’ याला एकच येईल, कारण ते घड्याळ सांगतं. ‘गाडीचं ज्ञान होतं का’ या प्रश्नाऐवजी आम्ही लिहिलं: ‘गाडी कोण चालवणार, रोज किती अंतर, मागे कोण बसणार यांपैकी किमान दोन गोष्टी त्याने स्वतःहून विचारल्या का?’ आणि ‘गाडीवर बसवून पाय जमिनीला टेकतात का ते पाहिलं का?’ स्कूटरच्या बाबतीत हा पाय टेकण्याचा प्रश्न फार मोलाचा आहे. बुटक्या माणसाला उंच गाडी गळ्यात मारली जाते ती इथेच.

वीस प्रश्नांचे आम्ही दहा केले. पहिला, पाच मिनिटांत दखल घेतली का (हातात दुसरा ग्राहक असेल तर लांबून ‘बसा, आलोच’ म्हणणंही दखलच). दुसरा, गरज विचारली का. तिसरा, बजेट विचारलं का. चौथा, गाडीवर बसवलं का. पाचवा, टेस्ट राइड स्वतःहून सुचवून दिली का. सहावा, ऑन-रोड किंमत लेखी आणि फोड करून दिली का, म्हणजे एक्स-शोरूम, रोड टॅक्स व नोंदणी, विमा आणि ॲक्सेसरी हे वेगवेगळे आकडे. सातवा, विमा बाहेरून घेतला तर चालेल का, याचं खरं उत्तर दिलं का. आठवा, ॲक्सेसरी ऐच्छिक असल्याचं सांगितलं का. नववा, कर्जाचा विषय निघाल्यास हप्त्याबरोबर डाउन पेमेंट, मुदत आणि शेवटी एकूण किती पैसे जातील हे सांगितलं का. दहावा, फोन नंबर विचारून घेतला आणि तीन दिवसांत फोन केला का.

सातव्या प्रश्नाबद्दल थोडं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे गाडी घेताना विम्याची रक्कम ठसठशीत दिसते आणि ग्राहक तिथे हटकून प्रश्न विचारतो. नोंदणीला वैध विमा लागतो हे खरं, पण तो त्याच शोरूममधून घेतलेला असावा असं बंधन नाही. तेव्हा ‘इथूनच घ्यावा लागतो’ हे उत्तर चूक आहे, आणि ते खरं की खोटं याबद्दल कोणाचं मत विचारावं लागत नाही. असा निदान एक तरी प्रश्न कागदावर हवा.

उत्तराला तीनच पर्याय: हो, नाही, लागू नाही. एक ते पाच गुण नकोत. तीन आणि चार यांतला फरक भरणाऱ्याच्या जेवणावर ठरतो. प्रत्येक ‘नाही’समोर एक ओळ सक्तीची: काय घडलं, किंवा तो नेमकं काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. ती ओळ नसेल तर तो ‘नाही’ धरायचा नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला वेगळा रकाना: ‘शोरूमची बाजू’. किती ग्राहक होते, किती सेल्समन हजर होते, टेस्ट राइडची गाडी होती का, प्रिंटर चालू होता का, एसी किंवा पंखा होता का. यातलं काहीही सेल्समनच्या गुणांत धरायचं नाही. हा रकाना नसेल तर मालकाच्या चुका पोराच्या नावावर जमा होतात. मेहुण्याच्या मित्राच्या कागदात नेमकं तेच झालं होतं.

प्रत्यक्ष भेट

शोरूममध्ये वही काढायची नाही. दारात पाय ठेवताना स्वतःलाच व्हॉट्सॲपवर एक टिंब पाठवायचं, कोणी बोललं की दुसरं, बाहेर पडताना तिसरं. वेळ आपोआप नोंदली जाते आणि बघणाऱ्याला वाटतं बाई घरी मेसेज करते आहे. व्हिजिटिंग कार्ड मागून घ्यायचं, कोटेशनचा कागद जपायचा. बाहेर आल्यावर अर्ध्या तासात, चहाच्या टपरीवर बसून तक्ता भरायचा. रात्री घरी जाऊन भरला की त्यात आठवणीपेक्षा अंदाज जास्त येतो.

प्रश्न तक्त्याच्या क्रमाने विचारायचे नाहीत. पहिल्याच फेरीत आमच्या एका ग्राहकाने टेस्ट राइड, फोड, विमा, ॲक्सेसरी असं ओळीने विचारलं आणि सेल्समन हसून म्हणाला, “सर, पाणी घ्या, आणि आमच्या सरांना नमस्कार सांगा.” ती भेट रद्द. ग्राहक ओळखला गेल्याची आणखी एक खूण म्हणजे सेवा एकाएकी फारच गोड होते, मॅनेजर स्वतः केबिनबाहेर येतो. असे कागद गुणांत न धरता बाजूला ठेवायचे.

उलट, ग्राहकानेच घरी बसून कागद भरला असेल तर? वेळा सगळ्या पाचाच्या पाढ्यात असतात, ‘नाही’समोरच्या ओळी कुठल्याही शोरूमला लागू पडतील अशा असतात, आणि कार्ड ‘हरवलेलं’ असतं. कार्ड, कोटेशनचा फोटो आणि तीन टिंबं मिळाल्याशिवाय मानधन द्यायचं नाही, हा साधा उपाय.

तीन दिवसांनी फोन आला किंवा नाही आला, नोंद करायची. त्यानंतर ग्राहकाने स्वतः फोन करून ‘सध्या घेत नाही’ असं सांगून टाकायचं. नाहीतर ते बिचारं पोर महिनाभर त्या नंबरामागे लागतं आणि त्याच्या फॉलोअपच्या यादीत एक खोटी आशा पडून राहते.

एक भेट, आकड्यांसह

शनिवार, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं. आमच्या ताई आत गेल्या. पाच कुटुंबं, दोनच सेल्समन, तिसरा रजेवर. दुसऱ्या मिनिटाला एकाने लांबूनच म्हटलं, “ताई, बसा, पाचच मिनिटं.” प्रत्यक्ष आला नवव्या मिनिटाला. कोण चालवणार, किती अंतर, बजेट किती, सगळं विचारलं. स्कूटरवर बसवलं, पाय पाहिले, एक इंच कमी उंचीचं दुसरं मॉडेल दाखवलं. टेस्ट राइड स्वतःहून सुचवली, पण गाडीत पेट्रोल नव्हतं. सीटकव्हर आणि गार्ड नको असेल तर काढतो म्हणाला. किंमत मात्र व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर एकच आकडा. विम्याबद्दल: “इथूनच घ्यावा लागतो ताई, नाहीतर पासिंग होत नाही.” कर्जाचा फक्त हप्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला.

आता गुण. हेच दहा प्रश्न जुन्या पद्धतीने मोजले तर नऊ मिनिटं थांबावं लागलं म्हणून एक गुण गेला, टेस्ट राइड झाली नाही म्हणून दुसरा, आणि फोड, विमा, कर्ज हे तीन. दहापैकी पाच, म्हणजे ५० टक्के. मालकांची पास होण्याची रेघ ६० होती, म्हणजे पोरगा नापास. नव्या पद्धतीने दखल दुसऱ्याच मिनिटाला घेतली होती, तेव्हा ‘हो’. टेस्ट राइड त्याने सुचवली, गाडी शोरूमने तयार ठेवली नव्हती, तेव्हा ‘लागू नाही’. उरलेल्या नऊ प्रश्नांपैकी सहा ‘हो’, म्हणजे ६७ टक्के. ‘लागू नाही’ आलेला प्रश्न भागाकारातूनच काढायचा, शून्य धरायचा नाही. बाकी माणूस तोच आणि संध्याकाळही तीच.

टक्केवारीपेक्षा मला ते तीन ‘नाही’ महत्त्वाचे वाटले, विशेषतः विम्याचा. कारण तोच खोटा जवाब त्याच शाखेच्या चारही भेटींत, दोन वेगळ्या सेल्समनकडून, जवळजवळ त्याच शब्दांत आला होता. दोघांना एकच खोटं सुचत नाही. कोणीतरी ते शिकवलेलं असतं.

कागद त्याच्यापर्यंत कसा पोचवायचा

शोरूमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाही, आणि मालकांनी तर नाहीच. ज्या मॅनेजरच्या हाताखाली तो रोज काम करतो त्याने, आठवड्याच्या आत, दार लावून, पंधरा मिनिटं. पहिलं वाक्य निकालाचं नसावं. आमच्या मॅनेजरशी आधी तालीम केली होती, तरी तो थोडा अडखळलाच. बोलणं साधारण असं झालं:

“बस. त्या शनिवारची एक भेट आपली होती. तुला काही आठवतं का?”

“शनिवारी लय गर्दी होती सर. तिघांचं काम दोघं करत होतो.”

“ते कागदावर आहे, मागच्या बाजूला. ते तुझ्या नावावर नाही. पाय टेकतात का ते बघून तू दुसरी गाडी दाखवलीस, हे त्यांनी खास लिहिलंय. आता हे वाच.” आणि विम्याची ओळ पुढे केली.

पोरगा वाचून गप्प. मग म्हणाला, “सर, तुम्हीच सांगितलेलं ना? विमा बाहेर गेला तर डिस्काउंट द्यायचा नाही. मग गिऱ्हाईकाला काय सांगू?”

सगळ्या तपासणीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच निघालं. प्रत्येक पॉलिसीमागे सेल्समनला इन्सेन्टिव्ह होता, आणि विमा बाहेर गेला की मॅनेजरची बोलणीही खावी लागत. अशा ठिकाणी ‘प्रामाणिक राहा’ म्हणून भागत नाही. दोन गोष्टी बदलल्या. बोलायचं वाक्य ठरवून दिलं: “विमा कुठूनही घेऊ शकता, आमच्याकडचा दर हा आहे, तुलना करून बघा.” आणि पॉलिसीचा इन्सेन्टिव्ह काढून त्या जागी लेखी फोड दिलेल्या प्रत्येक एन्क्वायरीवर छोटी रक्कम लावली. मालक कुरकुरले, विम्याचं उत्पन्न घटेल म्हणून. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्यांनी तीन महिने करून पाहायचं मान्य केलं.

बैठक संपवताना सुधारायची गोष्ट एकच द्यायची, तीन नाही. त्याला दिली ती लेखी फोड, कारण ती दिली की विम्याचा आकडा वेगळा दिसतोच आणि खोटं बोलायला जागा उरत नाही. कागदाची एक प्रत त्याच्याकडे, आणि खाली त्याला स्वतःचं म्हणणं लिहायला चार ओळी मोकळ्या. त्याने लिहिलं: ‘प्रिंटर संध्याकाळी बंद असतो, चावी ऑफिसमध्ये.’ हे आमच्या ग्राहकाला दिसलंच नव्हतं.

पाच आठवड्यांनी त्याच शाखेत पुन्हा चार भेटी केल्या, ग्राहक नवे. लेखी फोड चारही वेळा मिळाली. विम्याचं उत्तर तीनदा खरं, एकदा जुनंच. कर्जाची एकूण रक्कम मात्र चारपैकी एकदाच सांगितली गेली, आणि पुढच्या फेरीसाठी तोच एक मुद्दा धरला आहे. टेस्ट राइडच्या गाडीत दोनदा पेट्रोल नव्हतं. त्यासाठी रोज सकाळी शंभर रुपयांची चिठ्ठी काढावी, असं ‘शोरूमची बाजू’ या रकान्यात आम्ही दोन्ही फेऱ्यांत लिहिलं आहे. मालकांची सही अजून झालेली नाही.